पिवळी कार्डं

मार्गशीर्षातला पहिला रविवार. स्थळ, जालन्यातल्या आमच्या विधी महाविद्यालयाचं ग्रंथालय, खिडकीजवळचं लांब टेबल. हजर: प्रशासकीय कायदा शिकवणारे सर, जिल्हा न्यायालयातले वरिष्ठ लिपिक (आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो), तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, आणि मी, ग्रंथपाल. गैरहजर कोणी नाही. चहा आला होता, साखर भाऊंच्या मते कमी होती.

बैठकीची नोंद अशी ठेवायची माझी सवय आहे. या नोंदीवर सर हसतात आणि मागची बैठक कधी झाली होती ते मलाच विचारतात.

त्या रविवारी आमचा कोश छापखान्यात जायचा होता. प्रशासकीय कायद्यातले शब्द, इंग्रजी आणि मराठी, विद्यार्थ्यांसाठी आणि कोर्टातल्या लिपिकांसाठी. शासनाचे जाड परिभाषाकोश ग्रंथालयात आहेतच, पण ते सगळ्या विषयांचे. मराठीतून पेपर लिहिणारी आमची मुलं आणि टेबलावर मिसल, म्हणजे प्रकरणाची फाइल, उघडून बसलेला लिपिक यांना हातात मावेल असं काहीतरी हवं होतं. दीड वर्ष आम्ही दर रविवारी बसलो होतो. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. वर इंग्रजी, खाली मराठी, त्याखाली तो शब्द कुठे पाहिला त्याची नोंद. दोन ठिकाणी पाहिल्याशिवाय कार्ड पेटीत जायचं नाही, हा नियम माझा. आणि पेटीत जाण्याआधी ते उलटं वाचायचं, हा नियम सरांचा: एकाने मराठी शब्द वाचायचा, बाकीच्यांनी कार्ड न बघता इंग्रजी लिहायचं. तिघांचं जुळलं नाही तर कार्ड परत.

पांढऱ्या कार्डांची पेटी भरली होती. नैसर्गिक न्याय, अधिकारातीत, प्रत्यायोजित विधिविधान, पूर्वग्रह, सगळे प्राधिलेख, म्हणजे रिट. संविधानाच्या मराठी प्रतीतून मँडॅमससाठी महादेश आणि सर्शिओरारीसाठी प्राकर्षण हे शब्द उतरवताना मला फार बरं वाटलं होतं. छापखान्याला द्यायचा गठ्ठा मी दोरीने बांधून ठेवला होता.

तेवढ्यात विद्यार्थिनीने पिशवीतून कागद काढले.

ती कुंभार पिंपळगावची. तिची आई तिथल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. गटाकडे गावातलं रेशन दुकान होतं. दुकानाचा परवाना पुरवठा खात्याने रद्द केला, त्यावर गटाने उपायुक्तांकडे अपील केलं, ते फेटाळलं. मग मंत्रालयात पुनरीक्षण अर्ज, तोही फेटाळला. आता उरलं होतं हायकोर्टाचं खंडपीठ. तिथे वकिली करणारे आमच्या महाविद्यालयाचे एक माजी विद्यार्थी याचिका दाखल करायला तयार होते. त्यांनी एकच गोष्ट बजावली होती: तिन्ही आदेश मराठीत आहेत, त्यांचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं, नाहीतर कोर्टाचं कार्यालय हरकत काढतं आणि प्रकरण सुनावणीच्या बोर्डावर यायला उशीर होतो. उशीर परवडणारा नव्हता. गावात दुकान नव्याने देण्यासाठी अर्ज मागवले होते. ते एकदा दुसऱ्याला दिलं गेलं की ते परत मिळवण्याची लढाई वेगळीच.

भाषांतर करायचं तिने स्वतःकडे घेतलं होतं. आम्ही कोश केलाय, मग अडचण काय, असं तिने वकिलांना सांगितलं होतं. मला ते ऐकून अभिमान वाटला.

"मॅडम, म्या सकाळपासून शोधून राह्यले," ती म्हणाली, "पण ह्यातलं एकबी भेटून न्हाई राह्यलं."

मी गठ्ठ्याची दोरी सोडली. तिने अपिलाच्या आदेशातली शेवटची ओळ वाचून दाखवली. सबब अपील फेटाळण्यात येत असून जिल्हा पुरवठा अधिकारी यांचा आदेश कायम करण्यात येत आहे, अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मी 'कायम' शोधला, नाही. 'निकाली' शोधला, नाही. 'फेटाळणे' नाही. 'नामंजूर' नाही. 'सबब' तर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, तुमचा तो महादेश," ते म्हणाले, "माझ्या टेबलावर आजवर आल्ता का? न्हाई. निकाली काढलेलं रोज येतं. बराबर का?"

सरांनी त्यांना विचारलं की मग या ओळीचं इंग्रजी तुम्हीच सांगा. भाऊंनी कप पुन्हा उचलला. मग हसून म्हणाले, "आम्ही सगळ्यालाच कॅन्सल म्हणतो. अर्ज कॅन्सल, अपील कॅन्सल, परवाना कॅन्सल. काम होतं."

आणि आम्ही चौघंही हसलो, पण मला कळलं की आमचं काय झालंय. सगळा कोश आम्ही पाठ्यपुस्तकांच्या मागच्या सूचीवरून बांधला होता. सूचीत तत्त्वं असतात. कार्यालयाने प्रत्यक्ष काय केलं, हे सूचीत नसतं. ते आदेशाच्या शेवटी असतं, 'आदेश' असं मथळ्यात लिहून त्याखाली दोन-चार ओळींत. त्या ओळी आम्ही कधी उघडल्याच नव्हत्या. शिकवणारे, शिकणारे आणि पुस्तकं लावणारी मी, आमच्यासारख्यांनीच करावी अशी चूक. भाऊसुद्धा रविवारी आमच्यात बसले की पुस्तकासारखेच बोलायचे.

छापखान्याला मी तिथूनच फोन केला आणि गठ्ठा येणार नाही म्हणून सांगितलं. मालक कुरकुरले. त्यांचा राग साहजिक होता, त्यांनी कागद आणून ठेवला होता.

मग काम वाटून घेतलं. ग्रंथालयात निकाली निघालेल्या प्रकरणांच्या आदेशांच्या प्रती होत्या, सरावासाठी ठेवलेल्या. त्यांतल्या नावांवर मी आधीच काळी पट्टी मारून ठेवली होती. भाऊंनी त्यातल्या फक्त शेवटच्या ओळी मोठ्याने वाचायच्या, विद्यार्थिनीने वेगळ्या रंगाच्या कार्डावर उतरवायच्या, सरांनी न्यायालयांच्या इंग्रजी निकालांत त्याच जागी कोणता शब्द येतो तो शोधायचा. कपाटात पिवळी कार्डं पडून होती, ती घेतली. मी पेटी आणि नियम सांभाळायचे. दोन ठिकाणी पाहिल्याशिवाय काही आत जाऊ द्यायचं नाही, घाई असली तरी.

तो आठवडा रोज संध्याकाळी बैठक झाली. भाऊ कोर्टातून थेट यायचे. परवाना रद्द होतो तेव्हा कॅन्सल, हे बरोबर. पण अपील फेटाळलं जातं तेव्हा डिसमिस, अर्ज नामंजूर होतो तेव्हा रिजेक्ट, वरचं कार्यालय खालचा आदेश रद्दबातल करतं तेव्हा सेट असाइड, तो तसाच ठेवतं तेव्हा कन्फर्म. परवाना काही काळ थांबवला तर सस्पेंड, आदेशाची अंमलबजावणी थांबवली तर स्टे. प्रकरण पुन्हा ऐकायला खाली पाठवलं तर रिमांड. इथे भाऊंनी हरकत घेतली, रिमांड म्हटलं की त्यांच्यासमोर आरोपीच उभा राहत होता. म्हणून त्या कार्डावर सरांनी स्पष्ट लिहिलं की हा प्रकरणाचा, माणसाचा नव्हे. पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन यांवर तर एक अख्खी संध्याकाळ गेली. पहिलं वरच्या अधिकाऱ्याने खालच्याचा आदेश तपासणं, दुसरं ज्याने आदेश दिला त्यानेच तो पुन्हा पाहणं. कार्यालयांत दोन्हीला सर्रास फेरतपासणी म्हणतात. आम्ही पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन वरच्या ओळीत लिहिले आणि 'वापरात असाही उल्लेख' म्हणून फेरतपासणी खाली. या खालच्या ओळीला सर आधी तयार नव्हते. त्यांना वाटायचं की कोशाने शुद्ध शब्दच द्यावा. भाऊ त्यांना म्हणाले, "सर, मिसल तुमच्या शब्दात लिहून येत न्हाई. तिच्या शब्दात शोधायला लागतं." सरांनी थोडा विचार करून खालची ओळ मान्य केली आणि वर मला म्हणाले की ती इतर अक्षरांपेक्षा बारीक ठेवा. मी ठेवली.

त्याच आठवड्यात विद्यार्थिनीने पहिल्या आदेशाचं भाषांतर पूर्ण करून आणलं. सरांनी ते मूळ आदेशासमोर ठेवून ओळीवर ओळ तपासायला घेतलं. इंग्रजी चांगलं होतं. वाचताना मलाही चीड आली, इतकं चांगलं. सर मधेच थांबले.

"नोटीस ॲलेजेडली, म्हणजे 'म्हणे', बजावली? हा शब्द कुठून आला?"

ती म्हणाली, मूळ आदेशात नोटीस बजावण्यात आली असं लिहिलंय.

"मग बजावली एवढंच लिहा."

"पण सर, बजावली न्हाईच. बंद दुकानाच्या शटरला चिकटवली. आई तवा घरीच होती, घर काय लांब न्हाई. कोणी हाक बी मारली न्हाई." तिचा आवाज चढला होता. "अन् मी ते खरं म्हणून लिहू?"

सर कधी वर्गात आवाज चढवत नाहीत. तेव्हाही नाही चढवला. "तुम्ही काही खरं म्हणून लिहीत नाही. त्यांनी काय लिहिलं ते सांगताय. चिकटवली, हाक मारली नाही, हे याचिकेत लिहा, शपथपत्रावर लिहा. भाषांतरात तुमचा एक शब्द जरी सापडला ना, तर समोरचा वकील उठून म्हणेल, हे भाषांतर नाही, हा युक्तिवाद आहे. मग बाकी सगळ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

भाऊंनी टेबलावरचा कप उगाच सरकवला. मग म्हणाले की त्यांच्याकडे रोजनामा, म्हणजे सुनावणीची रोजची नोंद, लिहायला आलेल्या नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी हेच सांगतात, समोर घडलं तेवढं लिही, तुला काय वाटलं ते घरी सांग. ती थोडी हसली आणि कागद परत ओढून घेतला.

तिने तो सगळा परिच्छेद पुसून पुन्हा केला, या वेळी पिवळी कार्डं समोर मांडून, एकही ओळ न गाळता. आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं. पहिल्या खर्ड्यात रागाच्या भरात तिने दोन वाक्यं एक केली होती आणि तारखा गाळल्या होत्या. मूळ आदेशात मात्र त्या सरळ लिहिल्या होत्या. नोटीस शनिवारी बजावण्यात आली. सोमवारी सकाळी जालन्यात सुनावणी ठेवण्यात आली. परवानाधारक सुनावणीस गैरहजर, सबब त्यांचे काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येत आहे. इंग्रजीत एकाखाली एक आल्यावर त्या तीन ओळींना कशाचीच गरज उरली नाही. चिकटवली की हातात दिली, हा वाद बाजूला ठेवला तरी मधे एक रविवार होता.

"आता बघा," सर म्हणाले, "हे त्यांनीच लिहिलंय."

वकिलांना भाषांतर पाठवल्यावर त्यांचा फोन आला. त्यांनी विचारलं की हे कोणी केलं, आणि विद्यार्थिनीने फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, चौघांनी केलं. मग जोडलं की ओळी तिच्या, कार्डं सगळ्यांची. मला ते वाक्य आजही बरोबर वाटतं.

याचिका वेळेत दाखल झाली. भाषांतराबाबत कार्यालयाची एकही हरकत आली नाही. नव्या अर्जांची मुदत संपण्याआधी प्रकरण बोर्डावर आलं आणि दुकान दुसऱ्याला देण्याला अंतरिम स्थगिती मिळाली. त्या दिवशी भाऊ कोर्टातून पेढे घेऊन आले. त्यांचा या प्रकरणाशी कार्यालयीन संबंध काहीच नव्हता, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं आणि मग आणखी एक पेढा घेतला.

पिवळी कार्डं आता पांढऱ्यांच्या बरोबरीची झाली होती. कोश छापून आला तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या. दोन भाग. पहिला इंग्रजीकडून मराठीकडे, विषयांचा. दुसरा मराठीकडून इंग्रजीकडे, अकारविल्हे, कार्यालयं काय काय करतात त्याचा. मालकांनी जुना कागद वापरला, पण बांधणी चांगली केली. परतूरच्या कोर्टातून एक लिपिक मुद्दाम दोन प्रती न्यायला आले. केदारखेड्याहून एका विद्यार्थ्याने फोन करून सांगितलं की त्याने परीक्षेत स्थगिती आणि निलंबन यांतला फरक लिहिला. मार्क किती मिळाले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहिली प्रत मी ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढवली, शिक्का मारला आणि संदर्भ विभागात समोरच ठेवली. मी हे काम हजारो पुस्तकांसाठी केलं आहे. पण यावेळी शिक्का सरळ बसावा म्हणून मी आधी रद्दी कागदावर मारून पाहिला.

त्यानंतर खंडपीठाचा अंतिम निकाल आला. निकाल इंग्रजीत. विद्यार्थिनी म्हणाली की गावात बायकांना समजावून सांगायचंय, तुम्ही पण चला. बाजाराचा दिवस होता. बाजार उरकून गटाच्या बायका दुकानासमोरच्या ओट्यावर बसल्या होत्या, पिशव्या पायाशी. शटरला गटाचंच कुलूप होतं, पण निकाल लागेपर्यंत धान्य शेजारच्या गावातून आणावं लागत होतं. सर, भाऊ आणि मी कडेला बसलो.

तिच्या आईने पहिलाच प्रश्न विचारला, "जिंकलो का हरलो, ते आधी सांग. बाकीचं मंग."

विद्यार्थिनीने कोश उघडला नाही, पण शब्द मोजून वापरले. तिने सांगितलं की तिन्ही आदेश रद्दबातल झाले. परवाना परत चालू झाला. प्रकरण पुन्हा जिल्ह्याला पाठवलंय, तिथे अधिकाऱ्यांनी गटाला नीट मुदत देऊन बोलवायचं, म्हणणं ऐकायचं आणि मग कारणं लिहून नवा आदेश द्यायचा. तोवर दुकान गटाकडेच.

"म्हंजे अजून संपलं न्हाई," एक म्हातारी म्हणाली.

"न्हाई, आजी. पण आता ऐकावं लागतंय त्याह्यला."

आईने पदराला बांधलेली किल्ली सोडली. मग बायकांना म्हणाली, "पोरीनं आपलं एक अक्षर वाढवून सांगितलं न्हाई. ध्यानात ठेवा." आणि उठून शटरचं कुलूप उघडायला गेली. बायका तिच्यामागे आत शिरल्या, कोणी झाडू शोधू लागलं, कोणी वजनकाटा पुसायला घेतला. सर चष्मा काढून रुमालाने पुसत होते. भाऊ मला हळूच म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या वहीत लिहा." मी वही आणलीच नव्हती.

निघताना एका बाईने मला थांबवलं. कोशाची प्रत तिने चाळून पाहिली होती. तिचं म्हणणं, हे पोरींना आणि कोर्टातल्या लोकांना ठीक, पण पुढच्या वेळी शटरला कागद चिकटवला तर आम्ही कुठं बघायचं? एकच पान द्या. नोटीस आली की त्यात काय बघायचं, तारीख कुठली धरायची, मुदत कशी मागायची, म्हणणं कुणाकडे द्यायचं आणि पोच कशी घ्यायची. मोठ्या अक्षरात, दुकानात लावता येईल असं.

पुढच्या रविवारच्या बैठकीत मी तो विषय पहिला घेतला. सरांनी एक खर्डा आणला, तो तीन पानांचा झाला. भाऊंनी एक आणला, त्यात पोच घेण्यावरच सगळा भर. विद्यार्थिनी सध्या गटाचं म्हणणं लिहिण्यात गुंतली आहे, नव्या सुनावणीची नोटीस आली आहे, या वेळी पुरेशी मुदत देऊन. तिचं काम झालं की चौघांनी मिळून ते पान करायचं ठरलंय. आजच्या यादीत ते अजून पहिल्या क्रमांकावर आहे, आणि त्यावर रेघ मारलेली नाही.